'रोजचा एक पेग हृदयाला चांगला' हे गणित नेमकं कुठे चुकलं?

मंदार_रावपुरा

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात 'दारू आणि हृदय' यावर चर्चा ठेवली आहे आणि प्रास्ताविक माझ्याकडे आलं आहे. गुजरातेत दारूबंदी असली तरी चाळिशीनंतर तब्येतीच्या कारणावरून परमिट मिळतं. त्यामुळे आपल्या वडोदऱ्यात अनेकांच्या डोक्यात पक्कं बसलं आहे की थोडी घेणं हे औषधच आहे, नाहीतर सरकार 'हेल्थ परमिट' असं नाव कशाला देईल?

जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2023 मध्ये सांगितलं की दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. त्याच्या वर्षभर आधी वर्ल्ड हार्ट फेडरेशननंही 'थोडी दारू हृदयाला चांगली' हा समज खोडून काढला होता. हे सांगितलं की लोक लगेच विचारतात, "मग तीस-चाळीस वर्षं शास्त्रज्ञ काय सांगत होते? उद्या पुन्हा बदलतील." मला नेमकं एवढंच हवं आहे: जुन्या अभ्यासांत चूक कुठे झाली, आणि ती चूकच होती हे कशावरून? 'दारू वाईट' हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर प्रवचन नको.

---

अनिलकाका_मांजलपूर

मंदार, या विषयावर मी बरंच वाचलं आहे. दारूनं एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल वाढतं. हे प्रयोगात सिद्ध झालेलं आहे, नुसती सर्वेक्षणातली गोष्ट नाही. रक्ताच्या गुठळ्या होण्याचं प्रमाणही थोडं कमी होतं. फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात, वाइन पितात, आणि तरी त्यांच्यात हार्ट अटॅक कमी. 1992 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे आलेलं आहे. एवढं सगळं एका सर्क्युलरनं खोटं ठरत नाही. फॅशन बदलते तसा सल्ला बदलतो, इतकंच.

---

संख्यावेडा

अनिलकाका, एचडीएल वाढतं हे बरोबर आहे. त्याकडे येतोच, पण आधी मंदारचा मूळ प्रश्न घेतो, कारण घोळ तिथे आहे.

जुने जवळजवळ सगळे अभ्यास एकाच पद्धतीचे. काही हजार लोकांना विचारायचं, 'सध्या किती पिता?' मग दहा-पंधरा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवायचं आणि कोण गेलं, कोणाला अटॅक आला हे मोजायचं. आलेख काढला की तो इंग्रजी जे अक्षरासारखा दिसायचा. अजिबात न पिणारे थोडे वर, थोडी पिणारे सगळ्यात खाली, भरपूर पिणारे खूप वर. त्या आलेखाचा तळ बघून लोक म्हणाले, थोडी पिणं सगळ्यात चांगलं.

आता प्रश्न असा, की 'न पिणारे' या गटात बसलेले लोक कोण होते? त्यात जन्मात दारूला न शिवलेले होते, आणि आयुष्यभर पिऊन तब्येत बिघडल्यावर सोडलेलेही होते. प्रश्न 'सध्या'चा होता, म्हणून दोघांचं उत्तर एकच: शून्य.

संघात फळ्यावर लिहायला एक गणित देतो. आकडे समजावण्यापुरते कल्पिलेले आहेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत.

समजा 'न पिणारे' 1000 आहेत. त्यातले 800 कधीच न प्यालेले, आणि पुढच्या दहा वर्षांत त्यांतले 80 जातात, म्हणजे शेकडा 10. उरलेले 200 जण यकृत, बीपी, मधुमेह अशा कारणानं सोडलेले. ते आधीच आजारी, म्हणून त्यांतले 50 जातात, म्हणजे शेकडा 25. दोन्ही मिळून 1000 पैकी 130 मृत्यू. शेकडा 13.

आता 'थोडी पिणारे' 1000 घ्या. त्यांतले 110 जातात. शेकडा 11.

वर्तमानपत्रात काय छापून येईल? 13 च्या जागी 11, म्हणजे थोडी पिणाऱ्यांना मृत्यूचा धोका 15 टक्क्यांनी कमी! पण तुलना कधीच न प्यालेल्यांशी केली तर 10 च्या जागी 11 आहेत. म्हणजे थोडी पिणारे उलट किंचित वाईट. एकही आकडा खोटा नाही, कोणी लबाडी केलेली नाही. 200 माणसं चुकीच्या रकान्यात बसली, एवढंच झालं.

काठी घेऊन चालणारे जास्त पडतात, म्हणून काठीमुळे माणूस पडतो असं आपण म्हणत नाही. इथे मात्र तसंच म्हटलं गेलं.

---

मंदार_रावपुरा

हे फळ्यावर नक्की लिहिणार. पण ही शंका आधी कोणालाच आली नाही?

---

संख्यावेडा

आली होती, आणि बऱ्यापैकी लवकर. ब्रिटनमध्ये 24 गावांतल्या 40 ते 59 वयाच्या 7,735 पुरुषांचा एक मोठा अभ्यास चालू होता. त्यावरून शेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये 'लॅन्सेट'मध्येच लिहिलं की वय वाढतं, आजार जडतात, तशी माणसं जास्त पिणाऱ्यांतून थोडी पिणाऱ्यांत आणि तिथून न पिणाऱ्यांत सरकत जातात. म्हणजे न पिणाऱ्यांचा गट दरवर्षी आजारी माणसांनी भरत जातो. काकांनी सांगितलेला फ्रेंच लेख त्यानंतर चार वर्षांनी आला. लोकांच्या लक्षात फ्रेंच लेख राहिला, ब्रिटिश नाही.

---

दीपक_सयाजीगंज

म्हणजे आता नवीन परमिट मिळणं बंद होणार का? माझं रिन्यूअल येतंय. कोणाला माहिती असेल तर सांगा, कुठले रिपोर्ट जोडायचे?

---

मंदार_रावपुरा

दीपकभाई, धागा परमिटच्या कागदपत्रांचा नाही. कायदा आहे तिथेच आहे, इथे फक्त अभ्यासांबद्दल बोलतोय.

---

नाडीपरीक्षा

परमिटचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट स्पष्ट करतो. मी मेडिसिनमध्ये आहे आणि हा गैरसमज रोज ऐकतो. हेल्थ परमिट म्हणजे प्रिस्क्रिप्शन नव्हे. दारूबंदीच्या कायद्यातली ती एक सवलत आहे, आणि तो कायदा 1949 चा, मुंबई राज्याच्या काळातला. त्यावर लिहिलेल्या युनिटचा हृदयाच्या कुठल्याही अभ्यासाशी संबंध नाही.

आता संख्यावेडा यांना माझी एक हरकत. तुम्ही सांगितलेली चूक खरी आहे, पण जुन्या संशोधकांना ती कळत नव्हती असं नाही. 1974 मध्ये कॅलिफोर्नियातून क्लॅट्स्की यांनी पहिल्यांदा लिहिलं की हार्ट अटॅक आलेल्यांत न पिणारे जास्त दिसतात. पुढच्या अभ्यासांत त्यांनी सोडलेल्यांना वेगळं काढलं. इतरांनीही काढलं. तरी जे-आकार पूर्ण गेला नाही, थोडा उथळ झाला. तेव्हा 'सोडलेले लोक मिसळले' एवढ्यावर सगळं खपवता येणार नाही.

---

संख्यावेडा

डॉक्टरसाहेब, हरकत योग्य आहे. सोडलेले बाजूला काढले तरी दोन गोष्टी उरतात.

पहिली म्हणजे 'मी कधीच प्यालो नाही' हे उत्तर कितपत खरं? अमेरिकेत एका पाहणीत तीच माणसं 1984 मध्ये आणि पुन्हा 1992 मध्ये तपासली होती. 1992 मध्ये 'आयुष्यात कधीच नाही' म्हणणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी आधीच्या मुलाखतीत पीत असल्याचं सांगितलेलं होतं. खोटंच बोलतात असं नाही, माणूस विसरतो किंवा जुन्या गोष्टी मोजत नाही. पण त्यामुळे सोडलेले लोक मागच्या दारानं पुन्हा 'कधीच नाही'च्या रकान्यात येतात. आणि आपल्या गुजरातेत फॉर्मवर कोण खरं लिहील, हा प्रश्न तर वेगळाच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पाश्चात्त्य देशांत जो माणूस जेवताना एक ग्लास वाइन घेतो आणि तिथेच थांबतो, तो सहसा कसा असतो? बरी नोकरी, बरं शिक्षण, फिरायला जाणारा, वजन आटोक्यात, दातसुद्धा वेळेवर दाखवणारा. तिथे अजिबात न पिणाऱ्यांत गरीब, दीर्घ आजारी, खूप औषधं चालू असलेले लोक जास्त सापडतात. 2005 मध्ये नायमी यांनी अमेरिकेतल्या दोन लाखांवर लोकांच्या माहितीत हृदयरोगाशी संबंधित 30 गोष्टी तपासल्या. त्यांतल्या 27 गोष्टी न पिणाऱ्यांत जास्त वाईट होत्या. दारूनं उत्पन्न वाढत नाही की दात सुधारत नाहीत. म्हणजे फायदा त्या राहणीचा होता आणि श्रेय ग्लासाला मिळत होतं.

---

मेघा_कारेलीबाग

पण अभ्यासात या गोष्टी 'ॲडजस्ट' करतात ना? वय, सिगारेट, उत्पन्न वगैरे?

---

संख्यावेडा

करतात, मेघाताई. पण जे विचारलं त्याचंच करता येतं, आणि जेवढं नीट मोजलं तेवढंच. 'व्यायाम करता का? हो / नाही' एवढ्या प्रश्नावरून रोज पाच किलोमीटर चालणारा आणि महिन्यातून एकदा कमाटीबागेत चक्कर मारणारा एकाच रकान्यात जातात. उरलेला फरक मग दारूच्या नावावर जमा होतो. ब्रिटनमधल्या बायोबँकेच्या 3,71,463 लोकांवर 2022 मध्ये एक अभ्यास झाला. त्यात थोडी-मध्यम पिणाऱ्यांची राहणी बाकी सगळ्यांपेक्षा चांगली निघाली, आणि राहणीच्या काही गोष्टी हिशेबात घेताच दारूचा 'फायदा' बराच आटला.

---

अनिलकाका_मांजलपूर

ठीक आहे, सर्वेक्षणं कच्ची असतात असं मानू. मग एचडीएलचं काय? माझंच बघ, रिपोर्टमध्ये एचडीएल 58 आहे आणि मी आठवड्यातून तीन-चार वेळा एक पेग घेतो. आणि फ्रेंचांचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

---

नाडीपरीक्षा

अनिलकाका, एचडीएलबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. दारूनं आकडा वाढतो. पण आकडा वाढला म्हणजे अटॅक टळतो का, हे वेगळं तपासावं लागतं, आणि ते तपासलेलं आहे. टॉर्सेट्रापिब नावाचं औषध होतं, त्यानं एचडीएल सत्तर टक्क्यांच्या आसपास वाढायचं. दारूच्या कितीतरी पट. डिसेंबर 2006 मध्ये ती चाचणी मधेच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले. नंतर नायसिन नावाच्या औषधानं एचडीएल वाढवून पाहिलं, त्यातही अटॅक कमी झाले नाहीत. काही लोकांत जन्मतःच एका जनुकामुळे एचडीएल जास्त असतं. 2012 मध्ये त्यांची माहिती तपासली, तर त्यांच्यातही अटॅक कमी नव्हते. म्हणजे एचडीएल ही निरोगी माणसाची खूण असू शकते, पण ती ढकलून वाढवली म्हणून हृदय वाचत नाही. तुमचा 58 चांगलाच आहे, पण एका रिपोर्टवरून तो पेगमुळे आहे असं म्हणता येणार नाही. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, बीपी आणि साखर किती आहे ते बघा, माझ्या दृष्टीनं त्याला जास्त महत्त्व आहे.

फ्रेंचांबद्दल: तिथे मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार कमी नोंदला जातो असं 1999 मध्ये दाखवून दिलं गेलं. फरकाचा एक हिस्सा त्यानंच जातो. शिवाय चरबीयुक्त खाणं तिथे ब्रिटनपेक्षा उशिरा वाढलं आणि धमन्यांवर परिणाम दिसायला काही दशकं लागतात. वाइनला मधे आणायची गरज उरतेच असं नाही.

---

मेघा_कारेलीबाग

आणि लाल वाइनमधलं ते रेस्व्हेराट्रॉल? माझ्या मैत्रिणी त्याच्या गोळ्या मागवतात.

---

वृंदा_आहार

मेघा, लिटरभर लाल वाइनमध्ये ते जेमतेम काही मिलिग्रॅम असतं. प्रयोगांत शेकडो मिलिग्रॅम देतात. तेवढं वाइनमधून घ्यायचं तर रोज बादलीभर प्यावी लागेल. त्यात हृदयावर रेस्व्हेराट्रॉलचे भरमसाट लेख लिहिणाऱ्या एका संशोधकाच्या कामात 145 ठिकाणी बनवाबनवी झाल्याचं त्यांच्याच कनेक्टिकट विद्यापीठानं 2012 मध्ये जाहीर केलं. त्या गोळ्यांवर पैसे घालवू नका.

---

रोहन_इंजिनीअर

एक बेसिक शंका. औषधाची करतात तशी सरळ चाचणी का नाही केली? चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना रोज एक ग्लास, अर्ध्यांना काही नाही. पाच-सहा वर्षांनी मोजा. प्रश्न संपला.

---

नाडीपरीक्षा

करायला घेतली होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं 7,800 लोकांची चाचणी आखली: रोज साधारण 15 ग्रॅम अल्कोहोल विरुद्ध काहीच नाही, सहा वर्षं. पैशाचा मोठा वाटा दारू कंपन्यांकडून येणार होता, आणि तो मिळवण्यासाठी अधिकारी आणि संशोधक आधीच कंपन्यांशी बोलले होते असं उघड झालं. 2018 मध्ये संस्थेनं ती बंद केली.

पैशाचा भाग सोडला तरी आखणीतच अडचण होती. सहा वर्षांत कॅन्सर दिसायला वेळ पुरत नाही. ज्यांना दारूचा त्रास होण्याची शक्यता आहे अशांना आधीच वगळायचं होतं. म्हणजे 'फायदा' दिसला असता तर दिसला असता, नुकसान दिसण्याची संधीच कमी.

---

संख्यावेडा

रोहन, चिठ्ठ्या टाकण्याची कल्पना मात्र अगदी बरोबर आहे. आणि एका अर्थानं ती चाचणी निसर्गानं करून ठेवलेली आहे. मंदार, तुझ्या 'कशावरून?'चं सगळ्यात ठोस उत्तर मला इथे दिसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अल्कोहोल शरीरात दोन टप्प्यांत मोडतं. आधी त्याचं ॲसिटाल्डिहाइड होतं, मग ॲसिटेट. दुसऱ्या टप्प्याचं काम करणाऱ्या विकराचं जनुक पूर्व आशियातल्या बऱ्याच लोकांत बदललेलं असतं. त्या माणसाच्या शरीरात ॲसिटाल्डिहाइड साठतं. घोटभर घेतलं तरी चेहरा लालबुंद होतो, मळमळतं, छाती धडधडते. साहजिकच तो कमी पितो किंवा पीतच नाही. आता हे जनुक आईबापांकडून कुठलं मिळावं हे तुमच्या शिक्षणावर, पगारावर, व्यायामावर किंवा आजारावर ठरत नाही. गर्भातच चिठ्ठी पडते. आणि आजारी पडल्यावर कोणी जनुक बदलून 'न पिणाऱ्यां'त जाऊ शकत नाही. म्हणजे वर सांगितलेले दोन्ही घोळ इथे बाद.

चीनमध्ये 2004 ते 2008 मध्ये दहा भागांतून पाच लाखांवर लोक नोंदले गेले. त्यांतल्या सुमारे 1,61,000 जणांची ही जनुकं तपासली. 2019 मध्ये निकाल आला. त्याच माणसांवर दोन पद्धतींनी हिशेब केला होता, हे त्याचं वैशिष्ट्य.

पहिली जुनी पद्धत, 'तुम्ही किती पिता?' असं विचारून. पुन्हा तोच वाकडा आलेख आला. आठवड्याला साधारण 100 ग्रॅम पिणाऱ्या पुरुषांत पक्षाघात आणि हार्ट अटॅक सगळ्यात कमी, न पिणाऱ्यांत त्याहून जास्त.

दुसरी पद्धत, पुरुषांना जनुकांवरून गटांत लावून. सगळ्यात कमी पिणाऱ्या गटाची सरासरी आठवड्याला 4 ग्रॅम, सगळ्यात जास्त पिणाऱ्याची 256 ग्रॅम. इथे पक्षाघाताचा खड्डा नाहीसाच झाला. जेवढी दारू जास्त, तेवढा पक्षाघात जास्त, सरळ चढती रेघ. रक्तदाबही तसाच चढत गेला.

बायकांचा भाग तर मला सगळ्यात पटतो. तिथे फक्त 2 टक्के बायका नियमित पीत होत्या, पण जनुकं त्यांच्यातही तीच. जर ते जनुक स्वतःच, दारूशिवाय, हृदयाला काही करत असतं तर बायकांतही फरक दिसला असता. दिसला नाही. म्हणजे फरक दारूचाच.

---

रोहन_इंजिनीअर

कंट्रोल ग्रुप आयताच मिळाला! हे भारी आहे.

---

नाडीपरीक्षा

उत्तम मांडलंत, पण एक गोष्ट राहिली आणि ती सांगायलाच हवी. त्याच चिनी अभ्यासात हार्ट अटॅकची रेघ चढलीही नाही आणि उतरलीही नाही. म्हणजे हार्ट अटॅकपुरतं 'दारू वाचवते' याला आधार मिळाला नाही, पण 'थोडी दारू अटॅक आणते' हेही त्यातून सिद्ध झालं नाही. मंदार, हा फरक धरून बोल. श्रोत्यांत कोणी वाचलेला असला आणि तू 'एका पेगनं अटॅक येतो' म्हणालास, तर तो तुला तिथेच पकडेल.

युरोपियन वंशाच्या 2,61,991 लोकांवर 2014 मध्ये असाच अभ्यास झाला होता, दुसऱ्या एका जनुकावर. ज्यांना जन्मतः कमी प्यायची प्रवृत्ती होती, त्यांच्यात हृदयधमन्यांचे आजार सुमारे 10 टक्के कमी निघाले, आणि हे थोडी पिणाऱ्यांतही दिसलं. मी स्वतः या दोन्हींच्या मधे उभा आहे: संरक्षण नाही, हे मला मान्य. थोड्या प्रमाणात हार्ट अटॅकचं नुकसान किती, यावर अजून वाद आहे.

---

अनिलकाका_मांजलपूर

वाद आहे ना? मग ऐक. अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमीज या विज्ञान संस्थेचा डिसेंबर 2024 चा अहवाल आहे. त्यात मध्यम पिणाऱ्यांत एकूण मृत्यू न पिणाऱ्यांपेक्षा कमी असंच म्हटलंय, आणि त्यांनी सोडलेले लोक वगळून बघितलं. तो अहवाल तुम्ही कोणी काढला नाहीत.

---

संख्यावेडा

काका, तो अहवाल खरा आहे आणि तुम्ही तो आणलात हे बरं झालं. त्यांनी सोडलेले वगळलेले अभ्यासच घेतले, हेही खरं. पण त्यामुळे वर सांगितलेला पहिलाच घोळ निघतो. राहणीचा घोळ तसाच राहतो, आणि जनुकांवरचे अभ्यास त्यांच्या त्या निष्कर्षाच्या मोजणीत नव्हते. शिवाय त्याच अहवालात मध्यम पिणाऱ्या बायकांत स्तनाचा कॅन्सर जास्त असल्याचंही आहे.

दुसऱ्या बाजूनं स्टॉकवेल आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये 87 अभ्यास एकत्र तपासले. तुलनेचा गट नीट असलेले त्यात फक्त 13 निघाले. त्यांच्याच गटानं 2023 मध्ये 107 अभ्यास घेतले, आणि दुरुस्त्या केल्यावर थोडी पिणाऱ्यांचा फायदा उरला नाही. तुमचं माझं पूर्ण जमणार नाही, पण निदान वाद कशावर आहे ते आता स्पष्ट आहे.

---

अनिलकाका_मांजलपूर

राहणीचा मुद्दा मला पटतो. पण नॅशनल ॲकॅडमीजला मी इतक्यात मोडीत काढणार नाही.

---

वृंदा_आहार

सगळे ग्रॅममध्ये बोलताय, पण संघातल्या लोकांना ग्रॅम कळणार नाहीत. बाटलीवरून हिशेब असा: मिलिलिटर गुणिले टक्के, भागिले शंभर, गुणिले 0.79.

आपल्याकडची व्हिस्की-रम 42.8 टक्के असते. 30 मिलीचा छोटा पेग म्हणजे 10 ग्रॅम, 60 चा मोठा म्हणजे 20, 180 ची क्वार्टर म्हणजे 61. स्ट्राँग बिअरची 650 ची बाटली 8 टक्क्यांची असेल तर 41 ग्रॅम. 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणारा एका बाटलीत चार छोटे पेग घेत असतो. आणि घरी ओतलेला पेग मापाशिवाय कधीच 30 चा नसतो. एकदा मापाच्या कपात ओतून बघायला सांगा.

आता परमिटचं गणित. 50 ते 65 वयाला महिन्याला 4 युनिट मिळतात. ती 750 च्या चार बाटल्यांच्या रूपात घेतली आणि एकट्यानं संपवली, तर महिन्याला सुमारे 1,014 ग्रॅम, म्हणजे दिवसाला 34. जुन्या वाकड्या आलेखातसुद्धा खड्ड्याचा तळ आठवड्याला 100 ग्रॅमला होता, दिवसाला 14. म्हणजे जुने अभ्यास शंभर टक्के खरे मानले तरी परमिटचा कोटा त्या 'औषधी' मात्रेच्या दुपटीहून जास्त आहे. 65 नंतर युनिट 5 होतात, आणि त्याच वयात शरीरातलं पाणी कमी झाल्यामुळे तीच दारू रक्तात जास्त चढते.

---

मंदार_रावपुरा

वृंदाताई, हे तर मला सुचलंच नसतं. परमिटवाल्यांसाठी हाच मुद्दा आधी ठेवतो.

एक राहिलं. हे सगळे अभ्यास ब्रिटन, चीन, अमेरिकेतले. "आपलं शरीर वेगळं" असं कोणीतरी म्हणणारच.

---

नाडीपरीक्षा

वेगळं आहे, पण दारूच्या बाजूनं नाही. 52 देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात एकूण हिशेबात थोडी पिणाऱ्यांत अटॅक कमी दिसले होते, पण दक्षिण आशियातल्या लोकांत तो फायदा दिसलाच नाही. याचं एक संभाव्य कारण संख्यावेडा यांच्या मुद्द्यात आहे. आपल्याकडे न पिणारा माणूस सहसा आजारी म्हणून सोडलेला नसतो, घरच्या वळणामुळे न पिणारा असतो. बरा शिकलेला, बरी नोकरी असलेला. म्हणजे पाश्चात्त्यांत न पिणाऱ्यांचा गट जसा आजारी माणसांनी भरलेला, तसा आपल्याकडे नाही. तो गट बदलला आणि फायदाही गेला. आपल्या पिण्याची पद्धतही वेगळी आहे. जेवताना एक ग्लास असं क्वचित, रिकाम्या पोटी तळलेल्या चखण्यावर तीन-चार पेग असं जास्त.

---

दीपक_सयाजीगंज

हे सगळं वाचलं. मग एक सरळ विचारतो. वय 61, बीपीची गोळी चालू, आणि अधूनमधून छाती धडधडते. ईसीजीत एकदा 'एएफ' लिहून आलं होतं. मला तर रोज एक घ्यायला हरकत नाही असं कोणीतरी सांगितलं होतं.

---

नाडीपरीक्षा

दीपकभाई, तुमच्या बाबतीत वर चाललेला वाद लागूच नाही. एएफ, म्हणजे वरच्या कप्प्यांचे अनियमित ठोके, यावर चिठ्ठ्या टाकून खरी चाचणी झालेली आहे. ऑस्ट्रेलियात, 140 रुग्ण, आठवड्याला दहा किंवा जास्त ड्रिंक घेणारे. अर्ध्यांना दारू सोडायला सांगितली. सहा महिन्यांत पिणाऱ्यांपैकी 73 टक्क्यांना एएफ परत आला, सोडायला सांगितलेल्यांत 53 टक्क्यांना. शिवाय दारूनं बीपी चढतं, म्हणजे गोळी एकीकडे ओढते आणि पेग दुसरीकडे. तुमच्या कार्डिओलॉजिस्टला सरळ सांगा की किती घेता, आकडा लपवू नका. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल किंवा सुरू करायची असेल तर त्यांना हे माहीत असणं फार गरजेचं आहे.

आता किती घेता तेही इथे सांगा. एक पेग असेल तर उद्यापासून बंद केलात तरी चालेल. पण रोज क्वार्टर किंवा त्याहून जास्त असेल तर एका दिवसात एकदम बंद करू नका. सहा ते चोवीस तासांत हात थरथरणं, घाम, बेचैनी सुरू होते, आणि काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. त्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या देऊन उतरवतात.

---

दीपक_सयाजीगंज

रोज नाही, पण घेतो तेव्हा क्वार्टर होते. आठवड्यातून चार वेळा. म्हणजे वृंदाबेनच्या हिशेबानं 244 ग्रॅम.

---

वृंदा_आहार

हो, आणि चिनी अभ्यासात सगळ्यात वरच्या गटाची सरासरी 256 होती.

---

नाडीपरीक्षा

दीपकभाई, मधल्या कोऱ्या दिवसांत हात थरथरतात का, झोप लागते का, हे आधी बघा. काहीच होत नसेल तर बंद करायला सहसा अडचण येत नाही. होत असेल तर या आठवड्यातच दाखवा, आणि तो जुना ईसीजी सोबत न्या.

---

मंदार_रावपुरा

दीपकभाई, दाखवून आलात की कळवा. आणि संख्यावेडा, ते 1000 माणसांचं गणित जरा मोठ्या अक्षरात, एका पानावर करून देता का? संघात मागच्या रांगेतून दिसेल असं पाहिजे.

---

संख्यावेडा

देतो. दोन उभे रकाने करू, डावीकडे 'सध्या पीत नाहीत', उजवीकडे 'थोडी पितात'. डाव्या रकान्यातले ते 200 जण लाल शाईनं. 13, 11 आणि 10 हे तीनच आकडे मोठे. बाकी तू तोंडी सांग.